बाळंतपणानंतर काही महिन्यांनी धरलेली कंबर: पोटातली फट, तिचे व्यायाम आणि बाळ उचलायची रीत

बाळंतीण माहेरी असते तोवर कंबर सहसा फार कुरकुरत नाही. बाळाला आंघोळ आई नाहीतर मालिशवाली घालते, पाणी दुसरं कुणी भरतं, आणि बाळही जेमतेम तीन-चार किलोचं असतं. मग पाचव्या महिन्यात ती सासरी येते. आता बाळ सात किलोच्या आसपास असतं आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा ते खालून उचलावं लागतं. शिवाय नळाला पाणी आलं की घागरी भरायच्या, ओट्याशी किंवा जमिनीवर बसून भाकऱ्या थापायच्या, वाकून केर काढायचा. दोन-तीन आठवड्यांत कंबर धरते. खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिक्कोडी, कुठल्याही गावात ही तक्रार नेमकी याच सुमाराला ऐकू येते.

घरात याचं कारण ठरलेलं असतं: "सिझेरियनला कण्यात इंजेक्शन दिलं ना, त्याचंच हे." इंजेक्शनच्या जागी काही दिवस ठणकतं हे खरं. पण असं इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झालेली आहे, आणि महिनोन्‌महिने टिकणाऱ्या कंबरदुखीत दोन्ही गटांत फरक आढळलेला नाही. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर अशीच धरते. खरं कारण साधं आहे. पोटाची पुढची भिंत नऊ महिने ताणली गेली, तिला पुन्हा कामाला लावलं नाही, आणि ओझं मात्र एकदम वाढलं. भिंत कामाला लावणं आणि ओझं उचलायची पद्धत बदलणं, या दोन्ही गोष्टी घरी करता येतात.

पोटात नेमकं काय झालेलं असतं

पोटाच्या पुढच्या बाजूला, छातीच्या पिंजऱ्यापासून जांघेच्या हाडापर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांना मधोमध जोडणारी पांढरी चिवट पट्टी म्हणजे लिनिया अल्बा. गर्भ वाढतो तशी ही पट्टी पातळ आणि रुंद होते आणि स्नायू दोन बाजूंना सरकतात. याला डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. हा आजार नव्हे. नवव्या महिन्यात हे जवळजवळ प्रत्येकीला होतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत फट आपोआप बरीच कमी होते, पुढे तो वेग मंदावतो. नॉर्वेत पहिलटकरणींची तपासणी झाली, तेव्हा सहा आठवड्यांनी १०० पैकी ६० जणींना, सहा महिन्यांनी ४५ जणींना आणि वर्षभरानंतरही ३२-३३ जणींना फट होती. म्हणजे पाचव्या महिन्यात फट असणं ही घाबरण्यासारखी गोष्ट नाही.

त्याच तपासणीतली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. वर्षभरानंतर फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांत कंबरदुखीचं प्रमाण सारखंच निघालं. फट किती बोटांची आहे यावर दुखणं ठरत नाही. मधली पट्टी ताण धरते का आणि उचलताना पोट वेळेवर घट्ट होतं का, हे पाहायचं. खाटेची नवार थोडी रुंद विणलेली असली तरी चालते, ती सैल असली की माणूस खाली जातो. तसंच हे आहे. म्हणून बोटं मोजत बसू नका. आपल्याला पट्टीचा ताण परत आणायचा आहे.

सिझेरियन झालेल्या बायकांना वाटतं की स्नायू कापले गेले. सहसा हे उभे पट्टे कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. टाके पडतात ते त्यांच्या वरच्या आणि खालच्या थरांना. त्यामुळे खालचे व्यायाम सिझेरियननंतरही हेच आहेत. फक्त टाके पूर्ण भरलेले हवेत आणि डॉक्टरांनी सहा ते आठ आठवड्यांची तपासणी करून होकार दिलेला हवा.

व्यायामाआधी डॉक्टरांकडे कुणी जायचं

सगळीच कंबरदुखी स्नायूंची नसते. पाय बधिर होत असेल किंवा पावलातली ताकद गेली असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, लघवी अडकत असेल किंवा शौचावर ताबा राहिला नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी एकत्र असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी लागते. आपल्या भागात हा विचार डावलून चालत नाही. अंगावर पाजण्याच्या काळात अचानक, एखादी छोटी वस्तू उचलतानाच, पाठीत असह्य कळ आली आणि ती आठवडाभरात ओसरली नाही, तर मणका दबला आहे का हे पाहायला हवं. हे क्वचित होतं, पण होतं. बेंबीजवळ कडक, दुखणारा गोळा आला आणि झोपल्यावरही आत जात नसेल, तर तो हर्निया असू शकतो. त्यावर व्यायाम करायचा नाही.

यातलं काही नसेल, दुखणं दिवसभराच्या कामानंतर वाढत असेल आणि आडवं पडल्यावर उतरत असेल, तर पुढे वाचा.

घरच्या घरी फट कशी तपासायची

जेवणानंतर दोन तास गेलेले असावेत आणि लघवी करून आलेलं असावं. जमिनीवर चटई टाकून उताणं झोपा. गुडघे वाकवून पावलं टेकवा. एका हाताची बोटं एकमेकांना चिकटवून, टोकं पायांकडे करून बेंबीवर ठेवा. श्वास सोडत सोडत फक्त डोकं उचला, खांद्यांचा वरचा भाग जेमतेम चटईपासून सुटेल इतकंच. बोटांच्या दोन्ही बाजूंना कडक कडा जवळ येताना लागतील. त्या दोन कडांच्या मध्ये किती बोटं बसतात ते पाहा. मग डोकं खाली ठेवा, विश्रांती घ्या, आणि हेच बेंबीच्या तीन बोटं वर आणि तीन बोटं खाली करा. दोन बोटांपर्यंतची फट सहसा चालण्यासारखी असते. तीन आणि त्याहून जास्त असेल तर नियमित काम करायला हवं.

आता बोटं किती खोल जातात ते पाहा, कारण हे रुंदीपेक्षा महत्त्वाचं आहे. बोटं मऊ लोण्यात घुसावीत तशी आत जातात, की काही अडवतं? मग हलकेच लघवी रोखल्यासारखं करा, बेंबीखालचं पोट थोडं आत घ्या आणि पुन्हा डोकं उचला. या वेळी तळाशी थोडा ताण लागला, तर तुमची पट्टी शिकण्यासारखी आहे आणि व्यायामाने सुधारेल. डोकं उचलताना पोटाच्या मधोमध लांबट उंचवटा आला तर तो लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक व्यायामात तोच मोजमाप आहे. ही तपासणी रोज करू नका, दर तीन आठवड्यांनी पुरे. रोज बोटं खुपसून फट भरून येत नाही, नुसती धास्ती वाढते.

आता एक उदाहरण धरू. पहिलटकरीण, सिझेरियन झालेली, बाळ साडेपाच महिन्यांचं आणि सात किलोचं. फट बेंबीवर तीन बोटं, वर अडीच, खाली एक. बोटं मऊपणे आत जातात, पण पोट आत घेऊन पाहिलं तर थोडा ताण लागतो. संध्याकाळी कंबर धरते, पायात मुंग्या नाहीत, आणि जोरात खोकलं की लघवीचे दोन-चार थेंब जातात. ही आपल्याकडची अगदी नेहमीची अवस्था आहे. तिने बारा आठवडे काय करायचं, ते क्रमाने बघू.

पहिले दोन आठवडे: श्वास आणि तळचे स्नायू

लघवी आणि वायू रोखून धरणारे स्नायू ओटीपोटाच्या तळाशी असतात. ते आणि पोटाचा सर्वांत आतला आडवा थर एकत्र काम करतात. बाळंतपणानंतर हीच जोडी झोपलेली असते. तिला उठवल्याशिवाय पुढचा एकही व्यायाम नीट लागू पडत नाही. बहुतेक बायका हाच टप्पा कंटाळून गाळतात आणि थेट पोटाच्या व्यायामावर जातात, तिथेच गाडी अडते.

उताणं झोपून गुडघे वाकवा. एक हात बरगड्यांच्या बाजूला, दुसऱ्या हाताची दोन बोटं कंबरेच्या पुढच्या हाडाच्या थोडी आत. नाकाने श्वास घ्या. बरगड्या बाजूला पसरल्या पाहिजेत, नुसती छाती वर जायला नको. आता तोंडाने "हू" करत पाच-सहा सेकंद श्वास सोडा. सोडतानाच लघवी आणि वायू एकदमच रोखल्यासारखं तळातून वर ओढा, आणि बेंबीखालचं पोट हळूच आत येऊ द्या. जोर फार लावायचा नाही, पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. बोटांखाली हलका ताण जाणवला पाहिजे. बोटं बाहेर ढकलली गेली तर तुम्ही कुंथताय. नितंब आवळले गेले किंवा श्वास अडकला तरी चुकतंय. मग पूर्ण सैल सोडा, सैल सोडणंही तितकंच जरुरीचं आहे.

असे आठ ते दहा श्वास, दिवसातून तीन वेळा. वेगळा वेळ मिळत नसेल तर तीनही वेळा बाळाला पाजण्याच्या वेळेला जोडून घ्या. तळच्या स्नायूंचा हा व्यायाम निदान तीन महिने सोडायचा नाही, पुढचे टप्पे सुरू झाले तरी. लघवी करताना धार मध्येच थांबवून सराव मात्र करू नका. एकदा ओळख पटावी म्हणून ठीक, पण सवय लावली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

या टप्प्यात कपालभाती, नौकासन आणि सूर्यनमस्कार थांबवा. पूर्वी करत होतात म्हणून लगेच सुरू करायचे नाहीत. पोटाच्या उठाबशांनी फट कायमची फाटते अशी भीती घातली जाते, ती खरी नाही. पण ताण धरता येत नसताना त्या केल्या तर उंचवटा येतो आणि फायदा काही होत नाही.

तिसरा ते पाचवा आठवडा: पाय हलवा, पोट हलू देऊ नका

तीच झोपायची स्थिती. श्वास सोडत पोट हलकं आत घ्या आणि एक टाच चटईवरून सरकवत पाय लांब करा, श्वास घेत परत आणा. कंबर आणि चटई यांच्यातलं अंतर बदलायला नको. प्रत्येक पायाने आठ वेळा, दोन फेऱ्या. मग सेतुबंधासनाचं सोपं रूप: श्वास सोडत नितंब उचलायचे, तीन सेकंद थांबायचं, हळू खाली. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. कंबर कमानीसारखी वाकवून उंच जाण्यापेक्षा नितंबांनी ढकलून थोडंच वर जा.

चौथ्या आठवड्यापासून मार्जारासनाच्या स्थितीत या. बाळाला खाली चटईवर, तुमच्या चेहऱ्यासमोर निजवा. गुडघे कंबरेखाली, तळहात खांद्यांखाली. श्वास सोडत लोंबणारं पोट पाठीकडे उचला, पाठ हलवू नका, आणि मग एक पाय मागे सरकवून परत आणा. या स्थितीत पोटाचं वजन खाली ओढतं, त्यामुळे आतल्या थराला खरं काम पडतं. आठ वेळा पुरे.

उदाहरणातल्या बाईला इथे पाचव्या आठवड्यात एक अडचण येईल: दुसऱ्या फेरीच्या शेवटी पोट दमतं आणि उंचवटा दिसू लागतो. अशा वेळी दुसरी फेरी चार वेळांवर आणा आणि पुढच्या आठवड्यात वाढवा. हीच पद्धत पुढेही. उंचवटा, श्वास रोखला जाणं, लघवीचे थेंब जाणं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर जास्त दुखणं, या चारपैकी एक जरी झालं तरी एक पायरी खाली या.

सहावा ते बारावा आठवडा: उभं राहून आणि ओझ्यासह

आता भिंतीवर तळहात टेकून दंड, दहा वेळा, दोन फेऱ्या. खुर्चीत बसून हात न टेकता उभं राहणं, दहा वेळा, दोन फेऱ्या, आणि प्रत्येक वेळी उठताना श्वास सोडणं. कुशीवर झोपून, कोपर आणि वाकवलेले गुडघे टेकून कंबर उचलून दहा सेकंद धरणं, प्रत्येक बाजूला तीन वेळा. रोजच्या चालण्यात मध्ये न थांबता अर्धा तास साधा.

नवव्या आठवड्यापासून ओझं घ्यायला सुरुवात करा, आणि हा टप्पा वगळू नका. बाळ वाढतच जाणार आहे, वर्षाला ते नऊ किलोच्या आसपास असेल. नुसतं जमिनीवर झोपून केलेल्या व्यायामाने उभ्याने नऊ किलो उचलायची तयारी होत नाही. कापडी पिशवीत तीन किलो तांदूळ किंवा पीठ भरा. पाय खांद्याएवढे फाकवा, नितंब मागे न्या, पाठ सरळ ठेवून गुडघ्यापर्यंत वाका, श्वास सोडत उभ्या व्हा. आठ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. दर आठवड्याला एक किलो वाढवा, बाळाच्या वजनापेक्षा दोन किलो जास्त होईपर्यंत. बारा आठवडे संपले तरी पिशवी सोडू नका.

बारा आठवड्यांनंतर उदाहरणातल्या बाईला काय अपेक्षित धरता येईल? बेंबीवर दोन-सव्वादोन बोटं, पण बोटं आता आत घुसत नाहीत. खोकल्यावर थेंब जात नाहीत. संध्याकाळी कंबर थकते, धरत नाही. फट पूर्ण मिटली नाही म्हणून काही बिघडलेलं नाही. काहींची ती कधीच पूर्ण मिटत नाही, आणि त्या शेतातलं कामही बिनतक्रार करतात.

बाळ उचलायचं कसं

व्यायाम दिवसाचा अर्धा तास, उचलणं दिवसभर. म्हणून पहिल्या दिवसापासून हे बदला.

खालच्या गादीवरून उचलताना बहुतेक जणी दोन्ही पाय सरळ ठेवून कमरेत वाकतात आणि हात लांब करून बाळ ओढतात. हात लांब झाले की सात किलोचा कंबरेवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. त्याऐवजी बाळाच्या अगदी जवळ जा. एक पाऊल बाळाच्या बाजूला पुढे टाका, दुसरा गुडघा गादीवर टेकवा. बाळाला आधी पुढच्या मांडीवर घ्या, मग छातीशी धरा. आता थांबा, श्वास घ्या, सोडायला सुरुवात करा, तळ आणि पोट हलकं ओढा, आणि त्याच श्वासात पुढच्या पायावर जोर देऊन उभ्या व्हा. ठेवताना हेच उलट. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर पिळू नका. झोपेतल्या बाळाला दूर भिंतीकडे ठेवायला वाकणं आणि पिळणं एकाच वेळी होतं, तेव्हा गादीची जागाच बदला.

झोळी हा वेगळा प्रश्न. झोळीतलं बाळ गुडघ्याच्या उंचीला लटकत असतं आणि कडा वर आलेल्या असतात, म्हणून वाकून, हात आत घालून, वर ओढावं लागतं. कंबर वाचवायला झोळी उंच बांधू नका. बाळ पालथं पडायला लागलं की उंचावरून पडण्याचा धोका मोठा असतो. झोळी खालीच राहू द्या आणि तुम्ही खाली या. झोळीशेजारी बुटक्या स्टुलावर बसा, एक कड खाली दाबून बाळ मांडीवर घ्या, आणि मग वरच्या रीतीने उठा.

आंघोळ ही सगळ्यात वाईट. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ नडग्यांवर, आणि तांब्या भरायला बाजूच्या बादलीकडे वळायचं. पाय सरळ असताना मांडीमागचे स्नायू ओटीपोट मागे ओढतात, कंबर पोक काढूनच राहते, आणि त्यात दर तांब्याला पीळ. तेल लावलेलं बाळ निसटेल या भीतीने खांदेही आवळलेले. पाटाऐवजी नऊ-दहा इंच उंच स्टूल घ्या, पाठ भिंतीला टेकवा, गुडघे थोडे वाकू द्या. बादली पायांच्या जवळ, समोर ठेवा आणि विटेवर चढवा, म्हणजे पाणी घ्यायला खाली वाकावं लागत नाही. घरात कुणी असेल तर पाणी त्यांनी घालावं, तुम्ही फक्त बाळ धरा. बाळ बसायला लागलं की टबात बसवून आंघोळ घालणं तुमच्या कंबरेला सोपं पडतं. टब स्थिर ठेवा आणि हात बाळावरून क्षणभरही काढू नका.

कडेवर घेताना बहुतेकींची एकच बाजू ठरलेली असते आणि कंबर त्या बाजूला बाहेर काढून त्यावर बाळ बसवलं जातं. दर काही मिनिटांनी बाजू बदला आणि कंबर मध्यावर ठेवा. एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात भरलेली घागर किंवा बिंदगी हा प्रकार निदान सहा महिने बंद. पंधरा लिटरची बिंदगी म्हणजे पंधरा किलो पाणी, बाळाच्या दुप्पट. अर्धी भरा आणि दोन खेपा करा. बसमध्ये चढताना पायरी उंच असते. पिशवी आधी वर द्या, दांडा धरा, श्वास सोडत चढा.

पाजताना कंबरेपेक्षा मान आणि खांद्यांमधली पाठ जास्त दुखते, कारण स्तन बाळाकडे नेला जातो. पाठ भिंतीला टेका, मांडीवर दोन उशा किंवा घडी केलेली वाकळ ठेवा आणि बाळ स्तनाच्या उंचीला आणा. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने ढकलून बसा. दिवसातून वीस वेळा सरळ उठणं म्हणजे पोटाच्या मधल्या पट्टीवर वीस वेळा नको तो ताण.

पट्टा, मालिश आणि बेंबी

सुती लुगड्याने पोट बांधणं पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आधार म्हणून चांगलं. टाक्यांना आराम मिळतो, चालायला धीर येतो. पण पट्टा फट मिटवत नाही. फार आवळून बांधला तर दाब खाली, तळच्या स्नायूंवर जातो आणि लघवीचे थेंब वाढतात. पट्ट्याच्या आत हात सहज जायला हवा आणि श्वासाने बरगड्या पसरायला हव्यात. पाचव्या महिन्यानंतर दिवसभर पट्टा बांधून ठेवण्यात काही अर्थ नाही. फार उचलायचं काम असेल तेवढ्यापुरता तो बांधा.

पाठीची, पायांची तेलमालिश जरूर करून घ्या. "बेंबी सरकली" म्हणून पोट दाबून, ओढून बसवणारं कुणी भेटलं तर नको म्हणा. पातळ झालेल्या पट्टीवर असा दाब देण्याने काही जागेवर येत नाही, आणि हर्निया असेल तर इजा होते. सिझेरियनचा टाका पूर्ण भरल्यावर, म्हणजे सहा-आठ आठवड्यांनंतर, स्वच्छ बोटांनी टाक्याच्या आजूबाजूची कातडी हलकी वर-खाली, डावी-उजवी हलवणं मात्र उपयोगी. दिवसातून दोन-तीन मिनिटं. त्याने टाक्याजवळची ओढ कमी होते.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्या, दोन्ही एकाच वेळी नको. पण कंबर धरली की फक्त कॅल्शियमवर भिस्त ठेवू नका, गोळीने पोटाच्या भिंतीला ताण येत नाही. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी इलाज करा, रोजच्या कुंथण्याने व्यायामाची मेहनत वाया जाते. शौचाला बसताना पाय उंच ठेवा, श्वास सोडत जोर द्या, आणि पाजत असाल तर पाणी जास्त प्या.

आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर

फिजिओथेरपिस्टला दाखवा. बेळगावात जिल्हा रुग्णालयात आणि केएलईच्या रुग्णालयात जाता येतं. ओपीडीत फक्त "कंबर दुखते" सांगितलं तर बहुधा वेदनाशामक गोळी आणि मलम मिळतं. म्हणून हे लिहून न्या: बाळंतपण कधी आणि कसं झालं, फट बेंबीवर आणि वर-खाली किती बोटं आहे, उंचवटा येतो का, खोकल्यावर लघवी जाते का, दुखणं कधी वाढतं, आणि कुठले व्यायाम किती आठवडे केले. समोरची नर्स कन्नड बोलणारी असेल तर "सोंट नोवु" म्हटलं की कंबरदुखी हे कळतं. पोटातली फट सांगायला मात्र झोपून, डोकं उचलून उंचवटा दाखवणं सगळ्यात सोपं.

शस्त्रक्रियेचा विचार हर्निया असेल तर, किंवा वर्षभर नेटाने व्यायाम करूनही पोट ताणच धरत नसेल तर करतात. तोही पुढे मूल नको हे ठरल्यावर, कारण दुसऱ्या गर्भारपणात शिवलेली पट्टी पुन्हा ताणली जाते. दुसरं मूल हवं असेल तर हेच बारा आठवडे आधी पूर्ण करा आणि गर्भारपणातही श्वास-तळाचा व्यायाम आणि खुर्चीवरून उठणं, डॉक्टरांना विचारून, सुरू ठेवा.